दिशा बरोबर, तरी कॉलमध्ये तोटा: रिझल्टच्या रात्री प्रीमियमचं काय होतं

प्रश्न: सर, एका आयटी कंपनीचा रिझल्ट मंगळवारी संध्याकाळी होता. शेअर 1500 वर होता, मी 1540 चा कॉल 30 रुपयांना घेतला. एक्स्पायरीला 14 दिवस होते. रिझल्ट चांगला आला, बुधवारी शेअर 1530 ला उघडला आणि माझा कॉल 23 वर! शेअर 30 रुपये वर आणि कॉल 7 रुपये खाली? हे ऑपरेटरचं काम आहे का? आणि आता काय करू?

उत्तर:

ऑपरेटर नाही. तुमच्या कॉलचा जो भाव दिसला, तो जवळपास तसाच यायला हवा होता. त्याची खात्री करायची सोपी युक्ती सांगतो: त्याच बुधवारी सकाळी त्याच शेअरचे पुट काय भावाला होते ते बघा. मंगळवारी 1460 चा पुट 29 रुपयांच्या आसपास असणार आणि बुधवारी तो 5-6 रुपयांवर आलेला असणार. म्हणजे कॉलवाला रडतोय आणि पुटवाला त्याच्यापेक्षा जास्त रडतोय. कोणी मुद्दाम कॉल दाबला असता तर असं झालं नसतं. सगळ्या स्ट्राइकमधून, दोन्ही बाजूंनी, एकच गोष्ट एका रात्रीत निघून गेली.

ती गोष्ट म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, आपल्या बोलण्यातली आयव्ही. शेअर पुढच्या दिवसांत किती हलेल याचा बाजाराने धरलेला अंदाज प्रीमियममध्ये बसलेला असतो. तो प्रीमियममधून उलटा काढून वर्षाच्या टक्क्यांत सांगितला की झाली आयव्ही. एनएसईच्या ऑप्शन चेनमध्ये प्रत्येक स्ट्राइकसमोर तिचा रकाना असतो, पण बहुतेक जण त्याच्या शेजारचा एलटीपी बघून पुढे जातात.

तुमचे तीन आकडे (शेअर 1500, स्ट्राइक 1540, 14 दिवस) ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात टाकले आणि प्रीमियम 30 धरला, तर आयव्ही साधारण 40 टक्के निघते. बुधवारचे आकडे टाकले (1530, 1540, 13 दिवस, प्रीमियम 23) तर ती 24 टक्के निघते. मी व्याज आणि डिव्हिडंड सोडून हिशेब केलाय, त्यामुळे प्रत्यक्षात रुपया-दोन रुपये इकडेतिकडे होतील. पण चित्र तेच राहील.

आता तो 7 रुपयांचा तोटा सुटा करून बघू.

फक्त शेअर हलला असता, म्हणजे 1500 चा 1530 झाला आणि बाकी काहीच बदललं नसतं, तर तुमचा कॉल 30 वरून 43 वर गेला असता. तुमच्या डोक्यात हाच हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. दिशेचे 13 रुपये तुम्हाला खरोखर मिळाले.

एक दिवस सरला त्याचे पावणेदोन रुपये गेले. हा थीटा. तो इथे किरकोळ आहे, कारण अजून 13 दिवस शिल्लक आहेत.

आणि आयव्ही 40 वरून 24 वर आली त्याचे 18 रुपयांहून थोडे जास्त गेले. आयव्ही एका टक्क्याने हलली की प्रीमियम किती हलतो त्याला वेगा म्हणतात. तुमच्या कॉलचा वेगा साधारण 1 रुपया 15 पैसे होता. 16 टक्क्यांची घसरण गुणिले 1.15, म्हणजे साडेअठराच्या आत-बाहेर. तीस अधिक तेरा, वजा पावणेदोन, वजा सव्वाअठरा-साडेअठरा: तेवीस. हिशेब जुळला.

मग आयव्ही इतकी पडलीच का? रिझल्ट चांगला लागला म्हणून नाही. रिझल्ट *लागला* म्हणून. मंगळवारी दुपारी बाजाराला ठाऊक होतं की संध्याकाळी आकडे येणार, मॅनेजमेंट पुढच्या तिमाहीबद्दल काहीतरी बोलणार, आणि सकाळी शेअर कुठेतरी उडी मारणार. वर की खाली हे कोणालाच माहीत नव्हतं, पण उडी येणार हे सगळ्यांना माहीत होतं. ऑप्शन विकणारा त्या एका रात्रीची जोखीम फुकट घेत नाही, त्याची किंमत तो प्रीमियममध्ये लावतो. बुधवारी सकाळी 9:15 ला ती रात्र संपलेली असते. उरलेले 13 दिवस साधे दिवस आहेत आणि त्यांची किंमत साध्या दिवसांइतकीच. रिझल्ट वाईट लागला असता तरी आयव्ही अशीच पडली असती. बाजारात याला आयव्ही क्रश म्हणतात.

इथे एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वर्षात साधारण 250 ट्रेडिंगचे दिवस असतात आणि त्याचं वर्गमूळ 16 च्या आसपास येतं. म्हणून आयव्हीला 16 ने भागलं की एका दिवसात शेअर साधारण किती हलेल ते कळतं. 24 ला 16 ने भागा: दीड टक्का. म्हणजे तुमचा शेअर कुठल्याही साध्या दिवशीसुद्धा दीड टक्का इकडेतिकडे होणारा आहे. रिझल्टच्या रात्रीनंतर तो 2 टक्के वर गेला, म्हणजे नेहमीच्या दिवसापेक्षा थोडासाच जास्त. तुम्ही मात्र वादळाचे पैसे भरले होते.

किती मोठ्या वादळाचे, हेही काढता येतं, आणि माझ्या मते ऑप्शन घेणाऱ्याने रिझल्टच्या आधी करायचं खरं काम हेच आहे. चार्ट त्यानंतर. मंगळवारी 1500 चा कॉल 47 ला आणि 1500 चा पुटही 47 ला होता असं धरा. दोन्ही मिळून स्ट्रॅडल 94 रुपयांचा. हा 14 दिवसांचा भाव झाला, त्यात रिझल्टची रात्रही आली आणि बाकीचे साधे दिवसही. रिझल्टची रात्र वगळून उरलेल्या 13 साध्या दिवसांसाठी, म्हणजे नेहमीच्या 24 आयव्हीला, तोच स्ट्रॅडल साधारण 54 ला मिळाला असता. ही नेहमीची आयव्ही कशी कळायची? तीन-चार आठवड्यांपूर्वी याच शेअरची एटीएम आयव्ही किती होती ते बघा, किंवा मागच्या रिझल्टनंतर ती कुठे येऊन थांबली होती ते. शेअरचा स्वभाव सहसा फार बदलत नाही.

आता 94 मधून 54 सरळ वजा करायचे नाहीत. हालचाली अशा बेरजेने जोडल्या जात नाहीत, त्यांचे वर्ग जोडले जातात. म्हणून:

```
√(94² − 54²) ≈ 77
77 ÷ 1500 ≈ 5.1%
```

याचा अर्थ असा की बाजाराने त्या एका रात्रीसाठी सरासरी 5 टक्क्यांची उडी प्रीमियममध्ये धरली होती, वर किंवा खाली. तुम्ही वरची बाजू बरोबर ओळखलीत, पण उडी 2 टक्क्यांची आली. तुम्ही जो सौदा केला तो “शेअर वर जाईल” असा नव्हताच. तो होता “शेअर बाजाराने धरलंय त्या मानाने पुरेसा वर जाईल” असा. पहिली गोष्ट खरी ठरली, दुसरी नाही. बुधवारी सकाळी तुमचा कॉल नुसता 30 वर राहण्यासाठी शेअर 1545 च्या आसपास उघडायला हवा होता, म्हणजे 3 टक्के वर. 1500 आणि 1545 यांच्यातली ती 45 रुपयांची पट्टी म्हणजे “दिशा बरोबर पण तोटा” हा प्रदेश. प्रत्येक रिझल्टला, बजेटला, निवडणुकीच्या निकालाला ही पट्टी असते. तिची रुंदी सौदा करण्याआधी मोजता येते.

ओटीएम कॉल 30 रुपयांना स्वस्त दिसतो म्हणून लोक तो उचलतात. पण त्या 30 रुपयांत शेअरची खरी किंमत, म्हणजे इंट्रिन्सिक व्हॅल्यू, शून्य असते. सगळेच्या सगळे 30 रुपये म्हणजे वेळ आणि आयव्ही. जे पाघळतं तेच तुम्ही शंभर टक्के विकत घेतलेलं असतं.

याच दिशेवर, याच रात्री, दुसऱ्या स्ट्राइकचं काय झालं असतं ते बघा, म्हणजे मुद्दा आणखी स्पष्ट होईल. 1500 चा एटीएम कॉल 47 चा 45 झाला असता. म्हणजे पैशावर असलेला कॉलसुद्धा 2 टक्के तेजीत दोन रुपये तोट्यात! 1440 चा आयटीएम कॉल मात्र 82 वरून 93 वर गेला असता, 11 रुपये नफा. कारण 82 पैकी 60 रुपये ही शेअर आणि स्ट्राइक यांच्यातली सरळ वजाबाकी आहे, तिला आयव्ही हात लावू शकत नाही. पाघळणारा भाग फक्त 22 रुपयांचा होता. अर्थात याची दुसरी बाजू आहे. लॉटला लागणारा पैसा अडीच-पावणेतीन पट, आणि रिझल्ट वाईट लागून शेअर 5 टक्के खाली उघडला असता तर रुपयांतला तोटाही मोठा. ओटीएम घेणाऱ्याला 30 च्या वर काही गमवायचं नसतं, हे त्याच्या बाजूचं खरं कारण आहे. पण मग ते 30 पूर्ण जाण्याची शक्यता किती, हे त्याने प्रामाणिकपणे बघायला हवं.

तिसरा मार्ग म्हणजे 1500 चा कॉल घ्या आणि तुमचा तो 1540 चा कॉल विका. 47 दिले, 30 मिळाले, खिशातून गेले 17. बुधवारी 1500 चा 45 ला आणि 1540 चा 23 ला, म्हणजे स्प्रेड 22 चा. 17 वर 5 रुपये नफा, त्याच रात्री, त्याच दिशेवर. आयव्ही पडली ती दोन्ही पायांवर पडली. घेतलेल्या कॉलमध्ये जे गेलं ते विकलेल्या कॉलमध्ये जवळजवळ परत आलं. मर्यादा अशी की हा स्प्रेड 40 च्या वर कधीच जाणार नाही, शेअर 1700 झाला तरी. आणि ते 40 सुद्धा लगेच मिळत नाहीत, एक्स्पायरी जवळ आल्यावर मिळतात. विकलेल्या पायासाठी मार्जिन लागतं, हेजमुळे ते कमी होतं पण लागतंच. घेतलेला पाय आधी काढला तर मार्जिन एकदम वाढतं, म्हणून बाहेर पडताना विकलेला पाय आधी बंद करायचा. आणि शेअर ऑप्शनच्या दूरच्या स्ट्राइकला खरेदीदार-विक्रेत्याच्या भावांत इतकं अंतर असतं की दोन पायांत मिळून दोन-तीन रुपये तिथेच जातात. स्प्रेडचा नफा 5 चा असेल तर हे दोन-तीन रुपये चिल्लर नाहीत. मार्केट ऑर्डर टाकू नका.

इथवर आयव्हीचं झालं. तुमच्या सौद्यात थीटाने फक्त पावणेदोन रुपये खाल्ले, म्हणून त्याला हलका समजू नका. निफ्टीच्या वीकली ऑप्शनमध्ये तो मुख्य खलनायक असतो, आणि तिथे तोटा झालेल्या माणसाला कळतही नाही, कारण कुठला एक झटका बसत नाही.

निफ्टीची वीकली एक्स्पायरी आता मंगळवारी असते. समजा, जुनी एक्स्पायरी झाल्यावर मंगळवारी बाजार बंद होता होता निफ्टी 25,000 वर आहे, आयव्ही 12 टक्के, आणि तुम्ही पुढच्या मंगळवारचा 25,200 चा कॉल घेतला. भाव पडेल 85 च्या आसपास. तुमचं मत आहे की आठवड्याभरात निफ्टी 200 पॉइंट वर जाईल. आता निफ्टी अगदी तुमच्या मनासारखा वागला असं समजा. शुक्रवारी संध्याकाळी 25,080. कॉल 75. सोमवारी बंद होताना 25,150. कॉल 41. मंगळवारी एक्स्पायरीला बरोबर 25,200, जसं तुम्ही सांगितलं होतं तसं. कॉल शून्य.

या सगळ्यात आयव्ही 12 वरच धरली आहे, तिने काही केलं नाही. निफ्टी प्रत्येक टप्प्यावर वर गेला, कॉल प्रत्येक टप्प्यावर खाली आला. एक्स्पायरीपर्यंत धरायचा असेल तर तुम्हाला 25,285 च्या वर निफ्टी हवा होता. दोनशे पॉइंटचं मत ठेवून दोनशे पॉइंट दूरचा कॉल घेतला की हेच होतं, आणि हे मी फार लोकांना करताना बघतो. “माझं टार्गेट 25,200 आहे, म्हणून मी 25,200 चा कॉल घेतला.” टार्गेटचा स्ट्राइक घेणं हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण टार्गेटवर ज्याची किंमत शून्य होते असा कॉल घेऊन तुम्ही कमावणार कुठून? निफ्टी पहिल्या दिवशीच 200 पॉइंट उडाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॉल चांगला पळतो. म्हणजे तुमचं मत दिशेचं आणि टार्गेटचं आहे असं तुम्हाला वाटतं, प्रत्यक्षात ते गतीचंही असतं.

वेळ सारख्या गतीने खात नाही, हेही त्या आकड्यांत दिसतं. 25,000 चा एटीएम कॉल आणि निफ्टी जागचा हलला नाही, असं घ्या. 7 दिवस असताना 166, 4 दिवस असताना 125, 2 दिवस असताना 89, 1 दिवस असताना 63. पहिल्या तीन दिवसांत 41 पॉइंट गेले आणि शेवटच्या एकाच दिवसात 63 जातात. प्रीमियम उरलेल्या दिवसांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात चालतो, म्हणून उतार शेवटी कडा होतो. दूरच्या ओटीएमचं याहून वेगळं आहे. त्यातलं बरंचसं आधीच वाळून गेलेलं असतं, शेवटच्या दिवशी त्यात खाण्यासारखं काही उरतच नाही. म्हणून “थीटा शेवटच्या दिवशीच खातो” हे वाक्य एटीएमपुरतं खरं आहे, तुमच्या दोनशे-तीनशे पॉइंट दूरच्या स्ट्राइकला ते लावू नका.

शनिवार-रविवारबद्दल थोडं. सूत्रात कॅलेंडरचे दिवस टाकले की शुक्रवार ते सोमवार तीन दिवस मोजले जातात. पण ऑप्शन विकणाऱ्यांनाही कॅलेंडर दिसतं. त्यामुळे सोमवारी सकाळी फुकटात तीन दिवसांचा थीटा मिळेल असं कोणी समजू नये, आणि घेणाऱ्यानेही शुक्रवारी दुपारी भाव थोडे उतरलेले दिसले तर “स्वस्त मिळतंय” म्हणून उडी मारू नये. सुट्टीचा बराचसा हिस्सा तेव्हाच कापला जात असतो. लाँग वीकेंडच्या आधी तर हे उघडउघड दिसतं.

निफ्टीच्या बाबतीत आयव्हीची आणखी एक खोड आहे जी शेअरच्या रिझल्टमध्ये नसते. इंडिया व्हीआयएक्स निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरूनच काढला जातो, पुढच्या 30 दिवसांच्या अंदाजाचा तो आकडा असतो. आणि तो सहसा निफ्टीच्या उलट चालतो: बाजार पडतो तेव्हा घाबरलेले लोक पुट घेतात, व्हीआयएक्स चढतो, बाजार शांतपणे वर जातो तेव्हा तो उतरतो. म्हणजे निफ्टीचा कॉल घेणाऱ्याची दिशा बरोबर ठरली की आयव्ही बहुधा त्याच्या विरुद्ध जाते, आणि पुटवाल्याची दिशा बरोबर ठरली की आयव्ही बहुधा त्याला हात देते. कॉल आणि पुट हे आरशातली प्रतिबिंबं नाहीत.

जून 2024 मध्ये हे ठळकपणे दिसलं. 4 जूनला लोकसभेचा निकाल लागला, निफ्टी एका दिवसात जवळजवळ 6 टक्के पडून 21,884 ला बंद झाला आणि व्हीआयएक्स 26 च्या वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी, 5 जूनला, निफ्टी 735 पॉइंट उसळून 22,620 वर गेला आणि व्हीआयएक्स 19 च्या आसपास आला. इतकी मोठी उसळी असल्यावर एटीएम कॉलवाल्याने कमावलंच. पण ज्याने 4 तारखेला बाजार बंद होता होता हजार-दीड हजार पॉइंट दूरचा कॉल फुगलेल्या आयव्हीला घेतला होता, त्याच्या कॉलची किंमत जवळपास सगळी आयव्हीवरच उभी होती, आणि ती खालून काढून घेतली गेली. आठवड्याची एक्स्पायरी 6 जूनला होती, म्हणजे थीटाही डोक्यावर होता. 3 टक्क्यांहून मोठी उसळी पकडूनही हात रिकामा राहू शकतो, तो असा.

हे वाचून “मग आपण विकायलाच बसू” असं मनात आलं असेल तर थांबा. तुमच्याच शेअरमध्ये ज्याने मंगळवारी 1500 चा स्ट्रॅडल 94 ला विकला, त्याला बुधवारी छान पैसे मिळाले. पण मॅनेजमेंटने पुढच्या वर्षाचा अंदाज कापला असता आणि शेअर 12 टक्के खाली, 1320 ला उघडला असता, तर पुट एकटाच 180 च्या वर गेला असता. प्रत्येक शेअरमागे 86 रुपयांहून जास्त तोटा, तोही बंद बाजाराच्या रात्रीत, जिथे स्टॉपलॉस लागतच नाही. तो 94 रुपयांचा भाव मूर्खांनी ठरवलेला नसतो. कधी तो जास्त निघतो, कधी कमी. आयव्ही 40 आहे म्हणून ती “महाग” आहे असं म्हणता येत नाही. त्या शेअरच्या मागच्या सहा-आठ रिझल्टनंतरच्या सकाळच्या उड्या लिहून काढा, आणि त्या सरासरी 5.1 टक्क्यांच्या वर आहेत की खाली ते बघा. माझ्या वहीत दर रिझल्ट सीझनला हाच एक तक्ता असतो. मागच्या उड्या 2-3 टक्क्यांच्या असतील आणि बाजार 5 मागत असेल, तर नुसता कॉल घेण्यात अर्थ नाही, मत कितीही पक्कं असो. घ्यायचंच तर स्प्रेड. उलट मागच्या उड्या 7-8 टक्क्यांच्या असतील आणि बाजार 4 मागत असेल, तर नुसता कॉल घेणं योग्य ठरू शकतं. असे प्रसंग येतात, पण ते कमी.

रिझल्टच्या आठ-दहा दिवस आधी घेऊन, आयव्ही चढत गेली की निकालाच्या आधीच विकून मोकळं व्हायचं, अशीही एक पद्धत लोक सांगतात. ती दिसते तितकी सोपी नाही. आयव्हीचा टक्का चढतो, पण रोज एक साधा दिवस प्रीमियममधून निघूनही जातो. उरलेल्या कमी दिवसांत रिझल्टच्या रात्रीचा वाटा मोठा दिसतो म्हणून आयव्हीचा आकडा फुगतो. रुपयांतला प्रीमियम बऱ्याचदा जागच्या जागी राहतो किंवा थोडा उतरतो. फायदा होतो तो शेअर आधीच तुमच्या बाजूला सरकला तर.

आता तुमच्या हातातल्या कॉलचं. 30 ला घेतला होता हे विसरून त्याच्याकडे नव्याने बघा. शेअर 1530, स्ट्राइक 1540, 13 दिवस, भाव 23, आयव्ही 24. रिझल्टची हवा आता त्यात नाही, म्हणून आणखी एक मोठा आयव्ही क्रश येण्याची भीती फारशी नाही. थीटा सध्या रोज साधारण एक रुपया घेईल आणि शेवटच्या आठवड्यात जास्त. एक्स्पायरीला 23 वसूल व्हायला शेअर 1563 हवा, 30 वसूल व्हायला 1570. रिझल्टनंतर शेअर तसाच चढत राहील असं मानायला तुमच्याकडे कारण असेल, आणि ते चार-पाच दिवसांत होईल असं वाटत असेल, तर धरा. “30 आले की निघतो” एवढंच कारण असेल तर ते कॉलला माहीत नाही. तुमच्याजागी मी 1600 चा कॉल विकून काही मिळतंय का ते आधी बघितलं असतं. 24 आयव्हीला तो साधारण 6 रुपयांच्या आसपास असेल आणि त्याने रोजचा थीटा काहीसा हलका होईल. पण त्याला मार्जिन लागेल.

आणि काहीही ठरवलंत तरी एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. शेअर ऑप्शनची सेटलमेंट प्रत्यक्ष डिलिव्हरीने होते, निफ्टीसारखी रोखीत नाही. एक्स्पायरीला शेअर 1540 च्या वर बंद झाला तर तुम्हाला पूर्ण लॉट 1540 ने विकत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी शेवटच्या चार दिवसांत ब्रोकर आयटीएम ऑप्शन घेणाऱ्याकडूनसुद्धा टप्प्याटप्प्याने डिलिव्हरी मार्जिन मागतो. खात्यात तेवढे पैसे नसतील तर तो तुमची पोझिशन स्वतःच कापतो, मिळेल त्या भावाला. त्यामुळे हा कॉल एक्स्पायरीच्या आधीच्या बुधवारपर्यंत काढायचाच, असं धरून चाला.